सडकी वैरण आणि पानातला पालक

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातला अल्बर्टा प्रांत आणि अमेरिकेतले नॉर्थ डकोटा राज्य येथल्या गोठ्यांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, एवढेच काय, कुंपणाच्या तारेला नुसते खरचटले तरी रक्त थांबेना. कित्येक जनावरांना बाहेरून जखमच नसे; पोटात किंवा कातडीखाली रक्त साचत जाई आणि सकाळी ते जनावर मरून पडलेले सापडे. साथीचा रोग म्हणावा तर जंतू सापडत नव्हता, आणि शेजारच्या शेतातली गुरे ठणठणीत असत.

फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने ओंटारिओच्या पशुवैद्यक महाविद्यालयात याचा माग काढला. (हाच स्कोफिल्ड काही वर्षे आधी कोरियात मिशनरी म्हणून होता आणि १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य आंदोलनाची छायाचित्रे त्याने जगासमोर आणली. कोरियात त्याचे नाव आजही आदराने घेतात.) आजारी गुरांचा चारा त्याने पाहिला. तो स्वीट क्लोव्हरचा होता. आपल्या मेथीच्या कुळातली ही वनस्पती हलक्या जमिनीतही जोमाने येते, म्हणून नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांनी तिची भरपूर लागवड केली होती. पण तिचा दांडा जाड आणि रसदार असल्यामुळे पावसाळी हवेत ती नीट वाळत नाही. गंजी आतून तापते आणि तिला बुरशी लागते. स्कोफिल्डने एकाच गंजीतले चांगले दांडे एका सशाला आणि बुरशी लागलेले दुसऱ्याला खाऊ घातले. पहिला ससा जगला, दुसरा रक्तस्रावाने मेला. वैरण बदलली आणि निरोगी जनावराचे रक्त भरले तर आजारी गुरे वाचतात, हेही त्याच्या लक्षात आले. पुढे नॉर्थ डकोटात ली रॉडरिक याने दाखवले, की या गुरांच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन हा गुठळी बनवणारा घटक कमी पडतो.

उपाय सोपा होता, सडकी वैरण फेकून द्यायची. पण १९३० नंतरच्या मंदीत दुसरी वैरण विकत घ्यायला शेतकऱ्याकडे पैसे नव्हते, म्हणून माहीत असूनही ते तीच घालत राहिले. १९३३ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी, हिमवादळ चालू असताना, विस्कॉन्सिनमधल्या डीअर पार्कचा एड कार्लसन हा शेतकरी गाडी घेऊन सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, सुमारे पंचेचाळीस किलो सडकी वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद होते. कार्लसन फिरत फिरत विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात कार्ल पॉल लिंक याच्या दारी पोहोचला. लिंकने सांगितले ते स्कोफिल्डचेच: ही वैरण बंद करा, जमल्यास रक्त भरा. याहून अधिक त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. कार्लसन परत गेला; कॅनमधले रक्त मात्र प्रयोगशाळेत राहिले.

सडक्या वैरणीतले नेमके विष शोधायला लिंकच्या विद्यार्थ्यांना सहा वर्षे लागली. खरी अडचण मोजमापाची होती. वैरणीचा अर्क काढायचा, सशाला द्यायचा आणि त्याचे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायचे, एवढाच मार्ग होता, आणि प्रत्येक ससा वेगळा वागायचा. अखेर १९३९ च्या जूनमध्ये हॅरल्ड कँपबेल याला त्या पदार्थाचे स्फटिक मिळाले. पुढच्या वर्षी त्याची रचना कळली आणि तो प्रयोगशाळेत बनवताही आला. ताज्या स्वीट क्लोव्हरला जो गोड वास येतो तो कुमरिन या द्रव्याचा, आणि ते स्वतः रक्ताला काही करत नाही. बुरशी त्यात फेरफार करते, बदललेले दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि डायकुमरॉल तयार होते. तेच ते विष.

याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे दुसरी गोष्ट घडत होती. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम कोलेस्टेरॉलचा अभ्यास करण्यासाठी कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढून टाकलेला आहार देत होता. १९२९ मध्ये त्याला दिसले, की या पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साचते आणि त्यांचे रक्त गोठायला फार वेळ घेते. कोलेस्टेरॉल परत देऊन उपयोग झाला नाही, लिंबाचा रस देऊनही नाही. हिरवा पाला आणि डुकराचे यकृत दिल्यावर पिल्ले सुधारली. १९३५ मध्ये डॅमने या अज्ञात द्रव्याला ‘के’ जीवनसत्त्व म्हटले; जर्मन आणि डॅनिश भाषांत रक्त गोठण्याला जो शब्द आहे त्याचे ते आद्याक्षर. १९३९ मध्ये सेंट लुईसमध्ये एडवर्ड डॉइझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यासाठी त्यांनी वापरलेला कच्चा माल होता लसूणघास. त्याच वर्षी एका चाऱ्यातून रक्त गोठवणारे द्रव्य निघाले आणि दुसऱ्या चाऱ्यातून रक्त न गोठू देणारे. डॅम आणि डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही द्रव्यांची रेणूरचना शेजारी ठेवली तर त्यांच्यातले साम्य रसायनशास्त्र जाणणाऱ्याला लगेच दिसते. डायकुमरॉलने मंदावलेले रक्त के जीवनसत्त्वाने पुन्हा गोठू लागते, हे लिंकच्या गटाने लवकरच जनावरांत दाखवले. डायकुमरॉल माणसांना देण्याची सुरुवात १९४१ मध्ये मेयो क्लिनिक आणि विस्कॉन्सिन येथे झाली. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याने रुग्ण दगावत असत. तेव्हाचे दुसरे औषध, हेपरिन, फक्त टोचून द्यावे लागे. गोळीने होणारा उपाय डॉक्टरांना हवाच होता.

डायकुमरॉलच्याच कुळातल्या वॉरफरिन या औषधाचा जन्म मात्र उंदरांसाठी झाला. लिंक १९४५ च्या सुमारास क्षयाने आजारी पडला. सॅनेटोरियमच्या सक्तीच्या विश्रांतीत उंदीर मारण्याच्या उपायांविषयी वाचता वाचता त्याला वाटले, की डायकुमरॉलच्या कुळातला एखादा अधिक जोरकस रेणू या कामी येईल. प्रयोगशाळेत अशा रेणूंची यादी तयारच होती. त्यातला बेचाळिसावा निवडला गेला. संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले आणि १९४८ मध्ये तो बाजारात आला. या विषाचे यश त्याच्या संथपणात होते. उंदीर ते एकदा खाऊन मरत नाही, अनेक दिवस खात राहावे लागते. म्हणून त्याला खाण्याचा संशयही येत नाही.

हा संथपणा का, हे समजले की पुढचे सगळे समजते. वॉरफरिन रक्तात फिरत असलेल्या गुठळी बनवणाऱ्या घटकांना हातही लावत नाही. ते फक्त यकृताला नवे घटक नीट बनवू देत नाही. जुने घटक आपापल्या गतीने संपत जातात. सातवा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, प्रोथ्रोम्बिनला निम्मे व्हायला जवळजवळ तीन दिवस लागतात. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर पूर्ण परिणाम दिसायला पाच-सहा दिवस जातात.

१९५१ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी हेच उंदराचे औषध अनेक दिवस खाल्ले, एकूण ५६७ मिलिग्रॅम. रक्तस्रावाने घाबरून तो स्वतःच रुग्णालयात गेला. रक्त भरून आणि के जीवनसत्त्व देऊन डॉक्टरांनी त्याला पूर्ण बरे केले. त्याच्या या बरे होण्यातून डॉक्टरांना दोन गोष्टी कळल्या: माणूस हे औषध सहन करू शकतो, आणि त्याला उतारा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत वॉरफरिनला माणसांसाठी मंजुरी मिळाली. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिले गेले.

औषध लाखो लोक घेऊ लागले, पण ते शरीरात नेमके काय करते, हे वीस वर्षे कोणी सांगू शकत नव्हते. उत्तर पुन्हा गाईकडूनच आले. डायकुमरॉल दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन कमी झालेले दिसे ते चाचणीत. प्रत्यक्षात तो रेणू तिथे असे, फक्त कामाचा नसे. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये योहान स्टेनफ्लो आणि अमेरिकेत गॅरी नेल्सेस्टुएन यांनी निरोगी गाईचे आणि डायकुमरॉल घेतलेल्या गाईचे प्रोथ्रोम्बिन शेजारी ठेवून फरक शोधला. निरोगी रेणूच्या टोकाला ग्लुटामिक आम्लाच्या दहा जागांवर प्रत्येकी एक जादा कार्बोक्सिल गट बसवलेला असतो. हे जोड-गट कॅल्शियम पकडतात आणि कॅल्शियमच्या आधाराने तो रेणू जखमेपाशी पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतो. गट नसले तर प्रोथ्रोम्बिन रक्तात नुसते वाहत राहते, जखमेवर टिकत नाही. हे गट बसवण्यासाठी यकृताला के जीवनसत्त्व लागते. प्रोथ्रोम्बिन म्हणजे दुसरा घटक; सात, नऊ आणि दहा क्रमांकाच्या घटकांचीही हीच गत.

आता वॉरफरिन नेमके कुठे अडवते ते पाहू. प्रत्येक गट बसवताना के जीवनसत्त्वाचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणजे त्याचे रूप बदलते. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अगदी थोडा असतो, म्हणून यकृत वापरलेला रेणू पुन्हा मूळ रूपात आणून परत परत कामाला लावते. चार ताटांवर पन्नास माणसांची पंगत उठवणाऱ्या घरासारखे हे आहे: ताटे थोडी, पण घासणारा हात चपळ. वॉरफरिन हा घासणारा हात धरून ठेवते. खरकटी ताटे साचतात आणि पंगत अडते. पण बाजारातून कोरी ताटे येत राहिली तर जेवणे चालू राहतात. पालेभाजीतले जीवनसत्त्व म्हणजे ती कोरी ताटे. ताजा रेणू कामाला लावणारा एक वेगळा मार्ग यकृतात आहे आणि वॉरफरिन त्याला फारसे अडवू शकत नाही. त्या मार्गाची ओळख तर २०२२ मध्ये पटली. वॉरफरिन ज्या एन्झाइमला रोखते त्याचे जनुक २००४ मध्ये सापडले. या जनुकात माणसामाणसांत फरक असतो, आणि एकाला दिवसाला २ मिलिग्रॅम पुरतात तर दुसऱ्याला ८ लागतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

म्हणजे वॉरफरिनची मात्रा कधीच एकट्या गोळीची नसते. ती रोजच्या ताटातल्या के जीवनसत्त्वाच्या तोलाने ठरलेली असते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ९० ते १२० मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम असते. मेथी, माठ, अळू, शेवग्याचा पाला, शेपू हे सगळे गडद हिरवे पाले श्रीमंत. कोबीत त्याहून बरेच कमी, आणि काकडी, दुधी, बटाटा यांत नगण्य. शिजवल्याने ते जात नाही, आणि ते तेलात विरघळणारे असल्यामुळे फोडणीच्या भाजीतून अधिक शोषले जाते.

एक उदाहरण घेऊ, कल्पित पण दवाखान्यात नेहमी दिसते तसे. संधिवाताच्या तापाने हृदयाची मिट्रल झडप खराब झाली म्हणून एका बाईंना धातूची झडप बसवली आहे. वॉरफरिन आठवड्याला एकूण ३५ मिलिग्रॅम, रोज पाच. रक्त किती सावकाश गोठते ते सांगणारा आयएनआर त्यांच्यासाठी २.५ ते ३.५ मध्ये असावा असे ठरलेले आहे, आणि कित्येक महिने तो २.९ च्या आसपास आहे. घरी पालेभाजी आठवड्यातून दोनदा.

श्रावणात त्या बहिणीकडे राहायला जातात. तिथे परसात अळू आणि माठ, रोज एक पालेभाजी. तीन आठवड्यांनी आयएनआर १.९ येतो. म्हणजे रक्त हवे त्याहून लवकर गोठते आहे; झडपेवर गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. तपासणारा डॉक्टर अहवाल पाहतो, भाजीचे विचारत नाही, आणि मात्रा आठवड्याला ४० वर नेतो. तेवढ्यापुरते आकडे जुळतात. मग बाई घरी परततात, पुन्हा आठवड्यातून दोनदा भाजी, गोळी मात्र ४० चीच. दोन-तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, दंडावर निळे डाग दिसतात, आयएनआर ४.६. कोणीतरी सल्ला देते, की पालेभाजी बंदच करा. त्या बंद करतात आणि आकडा अधिकच वर जातो. गोळी कमी होते. पुढच्या महिन्यात एका लग्नाच्या गडबडीत चार दिवस पालक खाल्ला की चक्र नव्याने सुरू.

इथे चूक पालेभाजीची नव्हती, आणि एका अर्थाने गोळीचीही नव्हती. १.९ आल्यावर पहिला प्रश्न हवा होता: गेल्या तीन आठवड्यांत जेवणात काय बदलले? गोळी चुकली का? नवे औषध सुरू झाले का? आणि बहिणीकडे पुढचे चार महिने राहायचे असेल तर ४० मिलिग्रॅमच योग्य ठरले असते. रोज पालक खाणाऱ्या माणसाची मात्रा थोडी अधिक असेल एवढेच. तिथेही आयएनआर शांत राहतो. एखाद्या दिवशीच्या पालकाने तो बहुधा फारसा हलत नाही. सलग काही दिवस रोजचे वळण बदलले की हलतो.

पालेभाजी पूर्ण सोडणारा रुग्ण सुरक्षित असतो, हा समज जुना आणि घट्ट आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००५ मध्ये तो तपासला. ज्यांचा आयएनआर कारण नसताना वरखाली होतो अशा रुग्णांचे आणि ज्यांचा स्थिर आहे अशांचे जेवण त्यांनी मोजले. स्थिर असलेल्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ७६ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व जात होते. अस्थिर असलेल्यांच्या पोटात २९. अस्थिर गटच कमी खात होता. कारण पंगतीच्या हिशेबातच आहे: रोज कोरी ताटे फारच थोडी येत असतील तर चार जास्त आल्याने मोठा फरक पडतो, रोज पुरेशी येत असतील तर त्याच चारांनी फारसे काही होत नाही. याच गटाने २००७ मध्ये ७० अस्थिर रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना सहा महिने रोज १५० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना खोटी गोळी. जीवनसत्त्व घेणाऱ्यांचा आयएनआर अधिक स्थिर झाला. नंतरच्या प्रयोगांत हा फायदा इतका ठसठशीत दिसला नाही, म्हणून सगळ्यांना अशी गोळी देण्याची शिफारस आज होत नाही. पण भाजी तोडण्याचा सल्ला मात्र त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही.

आज के जीवनसत्त्वाशी न झगडणारी, आहाराची फारशी पर्वा नसलेली नवी औषधे आली आहेत. मग ही कथा जुनी झाली का? धातूच्या झडपेवर त्यांतले डबिगॅट्रान देऊन पाहणारा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडून ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर रिव्हारोक्साबान आणि जुनी औषधे यांची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातल्या चोवीस देशांत ती झाली, आणि जुन्या औषधांवर असलेल्यांत मृत्यू कमी होते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब होण्याचा आजार भारतात अजून पुष्कळ आहे, आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली झडप १९९० पासून बसवली जात आहे. अशा झडपेसोबत वॉरफरिन, किंवा आपल्याकडे त्याच कुळातले बरेच वापरले जाणारे असिनोकुमरॉल, जन्मभर घ्यावे लागते. असिनोकुमरॉलचा परिणाम वॉरफरिनहून लवकर उतरतो, पण ते अडवते तोच हात.

म्हणून अशा रुग्णाने तपासणीला जाताना आकड्यासोबत आठवड्याचा हिशेब न्यावा: पालेभाजी किती वेळा, किती वाटी, नेहमीहून वेगळे काय. आजारपणात जेवण तुटले, जुलाब लागले, लांब उपास केला किंवा अँटिबायोटिक सुरू झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आयएनआर आधी करून घ्यावा, कारण अशा वेळी तो वर जातो. गोळीची मात्रा स्वतः बदलू नये. काळे शौच, लघवीतून रक्त, नाकातून न थांबणारे रक्त, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय गाठावे. एरवी आठवड्यातून दोनदा मेथी खाणाऱ्याने दोनदा खावी, रोज खाणाऱ्याने रोज, आणि ते वळण बदलायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगून, सावकाश, मध्ये एक तपासणी करून बदलावे.